पावसाळ्यात अडणारे घडीचे दार: अमळनेरजवळील एका घराचे प्रकरण

अमळनेरच्या बाहेर, जिथे काही वर्षांपूर्वीपर्यंत कपाशी उभी असे, अशा जमिनीवर बांधलेल्या एका दुमजली घराचे हे प्रकरण आहे. घराचा आराखडा माझा होता आणि ज्या तपशिलामुळे पुढचा सारा प्रकार घडला, तोही माझ्याच कागदावर अपुरा राहिला होता. घरमालक निवृत्त शिक्षक असून त्यांना सगळे गाव सर म्हणूनच ओळखते. त्यांच्या आई वॉकर घेऊन चालतात. संध्याकाळी त्यांना कोणाचा हात न धरता दिवाणखान्यातून पश्चिमेच्या ओट्यावर जाता यावे, एवढीच सरांची अट होती आणि तिच्यातूनच बाकी सर्व ठरत गेले. दिवाणखाना आणि ओटा यांच्यामध्ये 4.2 मीटर रुंद व 2.4 मीटर उंच घडीचे सरकते दार बसवायचे, आतली व बाहेरची फरशी एका पातळीत ठेवायची आणि मध्ये उंबरठा ठेवायचा नाही, असे ठरले.

दार ॲल्युमिनिअमचे, पाच पल्ल्यांचे होते. डावीकडचा एक पल्ला रोजच्या येण्याजाण्यासाठी साध्या दारासारखा उघडे, तर उरलेले चार बिजागऱ्यांनी एकमेकांना जोडलेले असून दोन-दोनच्या घड्या होऊन उजवीकडे सरकत. घडी बाहेर पडेल अशी रचना केली, म्हणजे दिवाणखान्यातली जागा अडत नाही. काच 8 मिमी जाडीची, टफन केलेली होती. काचेचे वजन दर मिलिमीटर जाडीला दर चौरस मीटरमागे अडीच किलो धरतात. त्या हिशेबाने दोन चौरस मीटरच्या एका पल्ल्यात काच चाळीस किलोची आणि चौकट, बिजागऱ्या व चाके मिळून पल्ला साधारण पंचावन्न किलोचा होतो. पाच पल्ल्यांचे हे पावणेतीनशे किलो वजन वरच्या तुळईला टांगायचे की खालच्या रुळावर ठेवायचे, हा अशा दारातला पहिला निर्णय असतो.

मी ते रुळावर ठेवले. त्याचे कारण तुळईच्या बाकात आहे. काँक्रीटची तुळई तत्काळ जेवढी वाकते तेवढ्यावर थांबत नाही, ती पुढची काही वर्षे सावकाश वाकत राहते. आयएस 456 ही काँक्रीट बांधकामाची भारतीय मानक संहिता भिंती व फिनिशिंगचे काम झाल्यानंतरच्या बाकाला गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधील अंतराच्या, 1/350 किंवा 20 मिमी, यांपैकी जे कमी असेल तेवढी मुभा देते. 4.2 मीटरच्या गाळ्याला ही मुभा 12 मिमी होते. एवढ्या बाकाने इमारतीला काहीही होत नाही, परंतु टांगलेले पल्ले मात्र 12 मिमी खाली येऊन जमिनीला टेकतील. वजन खाली घेतले की वरच्या पट्टीला केवळ पल्ले सरळ उभे ठेवण्याचे काम उरते आणि तिच्यातली खीळ काही मिलिमीटर वरखाली होऊ शकते. निर्णय योग्यच होता. मात्र त्यामुळे दाराची सगळी भिस्त खालच्या रुळावर गेली आणि तो रूळ कशावर बसला आहे, हा प्रश्न जितका महत्त्वाचा झाला, तितके लक्ष मी त्याच्याकडे दिले नाही.

जमिनीखाली काय होते

या जागेवर साधारण 2.8 मीटरपर्यंत काळी माती असून तिच्याखाली पिवळा टणक मुरूम लागतो. घराचे सर्व खांब त्या मुरमापर्यंत नेले होते आणि खांबांना जोत्याच्या पातळीवर तुळयांनी बांधले होते. जोते जमिनीपासून 60 सेंटीमीटर उंच होते. दिवाणखान्याखाली मुरमाचा भराव थराथराने धुमसून घातला होता. पातळी एकच ठेवायची असल्याने ओटाही 60 सेंटीमीटर उंच उचलावा लागला. त्याच्या तीन बाजूंना विटांची भिंत बांधली, आत भराव घातला, वर 10 सेंटीमीटर काँक्रीट ओतले आणि त्यावर दगडी फरशी बसवली. ओट्याचा आकार 4.8 बाय 3 मीटर होता.

माझ्या नकाशात या ठिकाणी ‘भराव’ एवढाच शब्द होता. ठेकेदाराने पायाच्या खोदकामातून निघालेली काळी माती तिथेच ढीग लावून ठेवली होती. तीच त्याने आत लोटली आणि वरून 15 सेंटीमीटर मुरूम पसरला. त्यात त्याने फसवले असे म्हणता येणार नाही, कारण भराव कशाचा हवा हे कोणी सांगितलेच नव्हते. काळ्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या मुलखात राहून मी हे लिहायला विसरावे, याचे मला अजून आश्चर्य वाटते. चैत्रात त्याच जमिनीला मनगट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या आणि श्रावणात त्याच भेगा बेमालूम मिटलेल्या मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

दारासमोर पाणी अडवण्यासाठी जाळी बसवलेली अरुंद पन्हळ होती. एकेक मीटरचे तयार तुकडे जोडून ती केली होती आणि एका टोकाला 50 मिमीचा नळ लावून पाणी बाहेर काढले होते. फरशीला दारापासून दूर, मीटरला 10 मिमी उतार दिला होता. म्हणजे ओट्याच्या तीन मीटरांत पातळी 30 मिमी उतरत होती. काचेवरून ओघळलेले पाणी तेवढे पन्हळीने घ्यावे आणि बाकी सर्व पाणी उताराने अंगणात जावे, अशी योजना होती. रुळाची पट्टी जोत्याच्या तुळईत ठेवलेल्या 60 मिमी खोल खाचेत बसवली होती. तिची बाहेरची कड मात्र खाचेच्या पुढे येऊन पन्हळीच्या काठावर टेकली होती आणि ती फट सिमेंटने भरून टाकली होती. नकाशात मी त्या जागी एकच रेघ ओढली होती. अशा रेघेच्या एका बाजूला मुरमावर उभे घर असते आणि दुसऱ्या बाजूला काळ्या मातीवर तरंगणारा ओटा असतो, हे रेघ पाहून कळत नाही.

तक्रार आणि तीन कारणे

दार जानेवारीत बसले. पहिला पावसाळा निर्विघ्न गेला. दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये घडीचे पल्ले जड सरकू लागले, मधल्या दोघांना तर जोर लावावा लागे. सप्टेंबरमध्ये एका रात्री पश्चिमेकडून तासभर झोडपणारा पाऊस झाला आणि दारापासून मीटरभर आतपर्यंत पाणी आले. सोफ्याच्या खालचे प्लायवुड फुगले. सरांनी फोनवर तक्रारीचा सूर लावला नाही. आई आता ओट्यावर जायला घाबरतात, एवढेच त्यांनी सांगितले.

मी पोहोचलो तेव्हा दार बसवणाऱ्या कारागिराचे मत ठरलेले होते की वरची तुळई बसली. ठेकेदाराला वाटत होते की उन्हाने ॲल्युमिनिअम वाढले. दोन्ही गोष्टी घडू शकतात, म्हणून दोन्ही तपासल्या.

तुळईखाली दोन टोकांना खिळे मारून दोरी ताणली आणि मध्यभागी अंतर मोजले. मध्य टोकांपेक्षा 5 मिमी खाली होता. दार बसवतानाच्या मोजमापांत हाच आकडा 4 होता, म्हणजे दीड वर्षात एका मिलिमीटरची भर पडली होती. वरची खीळ तेवढे सहज सामावून घेते. शिवाय तुळईचा बाक एकाच दिशेने वाढतो, तो पावसाळा पाहून येत नाही आणि दिवाळीनंतर परतही जात नाही.

उन्हाचा हिशेबही मांडला. ॲल्युमिनिअमचा एक मीटर तुकडा एका अंशाला सुमारे 0.023 मिमी वाढतो. पश्चिमेच्या उन्हात मे महिन्यात चौकट हाताला चटका बसेल इतकी तापते. डिसेंबरच्या पहाटेपेक्षा ती 50 अंश अधिक तापली असे धरले, तरी 4.2 मीटरला वाढ 5 मिमीच्या आसपास येते. पल्ल्यांच्या बाजूंना मिळून 12 मिमी मोकळीक ठेवलेली होती. आणि यापेक्षा मोठा पुरावा सरांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी दिला. मे महिन्यात भर दुपारी दार लोण्यासारखे सरकत होते आणि ऑगस्टच्या गार सकाळी अडत होते, असे त्यांनी सहज बोलता बोलता सांगितले. उन्हाने अडणारे दार याच्या नेमके उलट वागले असते.

दार कोणत्या महिन्यात अडते हा प्रश्न मी त्यानंतर प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा विचारू लागलो. लाकडी दार पावसाळ्यात अडले तर लाकूड फुगले असे म्हणता येते. ॲल्युमिनिअमचे दार पावसाळ्यात अडले, तर ज्यावर ते उभे आहे किंवा ज्याला टेकले आहे ते फुगले असले पाहिजे.

आणखी एक खूण फरशीवरच होती. दगडावर पल्ल्याच्या फेऱ्याबरोबर उमटलेले कमानीसारखे बारीक ओरखडे दिसत होते. पल्ल्याची खालची कड आणि फरशी यांत 8 मिमी अंतर ठेवलेले असताना तिथे वाळूचा कणही अडकायला नको होता.

पातळ्यांची मोजणी

मोजणीसाठी पाण्याची नळी पुरते, पण एक गोष्ट सांभाळावी लागते. संदर्भाची खूण हलणाऱ्या फरशीवर घेऊन चालत नाही. म्हणून दाराशेजारच्या खांबावर, जो खाली मुरमापर्यंत गेलेला आहे, पेन्सिलने रेघ ओढली आणि सर्व मापे तिच्यापासून घेतली. दिवाणखान्याच्या फरशीची पातळी शून्य मानली. ओट्याच्या मध्यरेषेवर पन्हळीची बाहेरची कड, मग दारापासून 50 सेंटीमीटर, दीड मीटर आणि 2.8 मीटर अशी चार ठिकाणे ठरवली.

मूळ उतारानुसार पन्हळीची कड शून्यावर, 50 सेंटीमीटरवरचा बिंदू 5 मिमी खाली, दीड मीटरवरचा 15 मिमी खाली आणि शेवटचा 28 मिमी खाली असायला हवा होता. सप्टेंबरच्या अखेरीस पन्हळीची कड 4 मिमी वर होती. पुढचा बिंदू 5 मिमी खाली असण्याऐवजी 6 मिमी वर आला होता, म्हणजे तो 11 मिमी उचलला गेला होता. दीड मीटरवर फरशी 7 मिमी आणि बाहेरच्या टोकाला फक्त 3 मिमी उचलली होती. दारापासून हातभर अंतरावर फरशीला उंचवटा आला होता आणि त्याच्या अलीकडचा पट्टा दाराकडे उतरू लागला होता. पल्ल्याखालच्या 8 मिमींपैकी त्या जागी दोनच उरले होते, त्यामुळे ओरखड्यांचाही उलगडा झाला.

पाणी आत कसे आले हेही इथे स्पष्ट होते. वरचा छज्जा 45 सेंटीमीटर बाहेर आलेला आहे. त्याच्या पागोळ्या नेमक्या त्या उंचवट्याच्या अलीकडे पडत होत्या. मूळ उतारावर ते पाणी अंगणाकडे गेले असते. आता छज्जाचे आणि वरच्या मजल्याच्या भिंतीवरून आलेले सर्व पाणी पन्हळीत येऊ लागले. पन्हळ तेवढ्यासाठी केलेली नव्हती आणि तिच्या एकुलत्या एका नळाच्या तोंडाशी कडुनिंबाची पाने अडकली होती. उंबरठा असता तर पाणी दोन बोटे वर चढेपर्यंत तरी थांबले असते. सपाट दारात पन्हळ भरली की पुढची जागा दिवाणखाना हीच असते.

पल्ले जड का झाले याचे उत्तर पन्हळीच्या काठावर टेकलेल्या रुळाच्या कडेत होते. आतली कड तुळईत घट्ट, बाहेरची कड पन्हळीबरोबर 4 मिमी वर, त्यामुळे रूळ आडव्या दिशेने कलला होता आणि चाके त्याच्या एका बाजूला घासत होती. पन्हळ 4 मिमी आणि तिच्यापुढची फरशी 11 मिमी, हा फरकही त्याच जोडामुळे पडला. सिमेंटने तुळईला चिकटलेली पन्हळ काही प्रमाणात दाबून धरली गेली आणि तिच्यापुढची लादी मोकळेपणी वर गेली.

सर्वांत जास्त फुगवटा दारापाशीच का

माझा पहिला संशय हिरवळीवर होता. ओट्याला लागून काकूंनी लॉन केले होते आणि त्याला रोज पाणी दिले जाई. परंतु लॉनकडची कड केवळ 3 मिमी उचलली होती. जास्तीत जास्त फुगवटा घराच्या बाजूला, छज्जाच्या आडोशाला होता, जिथे जमिनीत पाणी सर्वांत कमी मुरायला हवे. तिथे पाणी कुठून तरी पुरवले जात होते.

ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबल्यावर पन्हळीच्या नळाला बोळा लावला, संध्याकाळी ती काठोकाठच्या 10 मिमी खालपर्यंत भरली आणि पातळीची खूण केली. शेजारी एका परातीत पाणी भरून ठेवले, म्हणजे वाफेने किती जाते ते कळावे. सकाळी परातीतले पाणी एखादा मिलिमीटर उतरले होते, पन्हळीतले 38. तुकड्यांच्या सांध्यांत सीलंट भरायचे राहून गेले होते. दाराचे पाण्यापासून रक्षण करण्यासाठी केलेली पन्हळ दोन पावसाळे तेच पाणी थेंबाथेंबाने खालच्या काळ्या मातीला पाजत होती. पहिल्या वर्षी कोरडा भराव ते पीत राहिला, दुसऱ्या वर्षी तो फुगला.

पन्हळीलगतच्या फरशीचा पट्टा उचलला तेव्हा खालची माती लोण्यासारखी मऊ लागली. तिची मुक्त फुगवट्याची चाचणी करून घेतली. ही चाचणी इतकी सोपी आहे की कोणत्याही घराच्या कामात ती टाळण्याला सबब नाही. वाळवून बारीक चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घेतात, एकात घासलेट आणि दुसऱ्यात ऊर्ध्वपातित पाणी भरतात आणि चोवीस तास ठेवतात. घासलेटमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. आमच्या नमुन्याने घासलेटमध्ये 10 मिलिलिटर आणि पाण्यात 19 मिलिलिटर जागा घेतली, म्हणजे फुगवटा 90 टक्के. 50 च्या वरचा आकडा आला की त्या मातीवर फरशी थेट टेकवू नये, असे मी मानतो.

पातळ्या डिसेंबरमध्ये आणि मेमध्ये पुन्हा घेतल्या. उंचवटा डिसेंबरमध्ये 11 वरून 7 मिमीवर आणि मेअखेर 1 मिमीवर आला. मे महिन्यात पाहणाऱ्याला दार निर्दोष वाटले असते. असे काम उन्हाळ्यात पाहून ‘ठीक आहे’ म्हणणे किती फसवे ठरते, हे त्या एका आकड्यावरून कळते.

दुरुस्ती

स्वस्तातला उपाय उंबरठा करण्याचा होता. 25 मिमीची कड उचलली असती तर पाणी थांबले असते, परंतु आईंचा वॉकर तिथे अडखळला असता आणि ज्यासाठी हे सारे केले तोच हेतू गेला असता. पन्हळीचे सांधे भरून उतार पुन्हा साधणे हा दुसरा उपाय होता. त्याने पुरवठा थांबला असता, मात्र भराव काळ्या मातीचाच राहिला असता आणि दुसऱ्या कुठल्या वाटेने तिला पाणी मिळाले असते. भराव काढून मुरूम घालणे त्याहून बरे. तरीही खालची अडीच-तीन मीटर मूळ काळी जमीन तशीच उरते आणि ऋतूप्रमाणे ती थोडीफार हलणारच. साध्या अंगणाला मी हाच उपाय सुचवतो. जिथे दोन्ही फरशांमध्ये चार-पाच मिलिमीटरांचाही फरक चालत नाही, तिथे तो पुरेसा वाटला नाही.

म्हणून ओट्याचा आधारच बदलला. मेच्या मोजणीनंतरच्या फेब्रुवारीत जुनी लादी तोडली आणि 75 सेंटीमीटर खोलीपर्यंत माती काढली. ती पावणेचार ब्रास निघाली. ओट्याच्या बाहेरच्या कडेखाली तीन खड्डे मुरमापर्यंत खणून त्यांत लहान खांब उभे केले आणि त्यांच्यावर तुळई टाकली. मुरूम एवढ्या आवाक्यात नसता तर तळाशी कंद असलेले बर्म्याचे पाइल घ्यावे लागले असते. अशा मातीत त्यांची लांबी निदान साडेतीन मीटर ठेवतात. बाहेरची तुळई आणि जोत्याची तुळई यांच्यावर 14 सेंटीमीटर जाडीचा सळयांचा स्लॅब टाकला. जोत्याच्या तुळईच्या बाजूला 20 सेंटीमीटर अंतराने छिद्रे पाडून 12 मिमीच्या सळया इपॉक्सीने रोवल्या आणि ओट्याचे अर्धे वजन तिच्यावर येणार असल्याने तिची क्षमता आधी तपासून घेतली. स्लॅबखाली मुद्दाम पोकळी ठेवली. बाहेरच्या तुळईच्या तळाशीही 10 सेंटीमीटर जागा सोडली आणि तिच्यासमोर केवळ शोभेची विटांची पट्टी रचली. जमीन फुगली तर तिला वर यायला जागा आहे, ढकलायला काही नाही.

स्लॅबची वरची पातळी दिवाणखान्याच्या फरशीपेक्षा 110 मिमी खाली धरली. या आकड्याचा हिशेब नीट समजून घेतला पाहिजे, कारण सपाट उंबरठ्याची बहुतेक कामे इथेच फसतात. बाहेर 20 मिमीचा खडबडीत दगड बसतो, त्याखाली उताराचा गिलावा दाराजवळ 70 मिमी आणि बाहेरच्या टोकाला 40 मिमी जाड असतो, आणि त्याखाली वॉटरप्रूफिंग व त्यावरचे संरक्षक थर मिळून 20 मिमी लागतात. हे सर्व आतल्या फरशीच्या वर न येता मावायचे असेल तर बाहेरचा स्लॅब तेवढा बुडवावाच लागतो. स्लॅब एकसारखा ओतून मग फरशीवाल्याला ‘लेव्हल मिळव’ म्हटले की तो दगड पातळ करतो, उतार खातो किंवा वॉटरप्रूफिंगचा थर काढून टाकतो. वॉटरप्रूफिंगचा पडदा आम्ही रुळाच्या पट्टीखालून वर वळवून तुळईच्या खाचेत नेला, म्हणजे गिलाव्यात शिरलेले पाणीही आतल्या बाजूला जाऊ शकत नाही.

नवी पन्हळ स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याची, एकाच लांबीत वेल्डिंग केलेली, 100 मिमी रुंद व 75 मिमी खोल आहे. दोन्ही टोकांना 75 मिमीचे नळ असून मध्यभागी बाजूला एक जास्तीचे तोंड ठेवले आहे, जे पन्हळ तुंबली तरच वाहू लागते. ते ओट्याच्या पायरीजवळ दिसेल असे काढले, म्हणजे त्यातून पाणी येताना दिसले की नळ साफ करायचा हे कोणालाही कळते. जाळी फरशीच्या 3 मिमी खाली ठेवली. वॉकरच्या रबरी पायाला ते अंतर जाणवत नाही.

रुळाची पट्टी आता पूर्णपणे जोत्याच्या तुळईवर बसते. तिच्यातली पाणी निघून जाण्याची छिद्रे पन्हळीच्या वर मोकळी उघडतात, परंतु पट्टी पन्हळीला कुठेही टेकत नाही. मध्ये 6 मिमी फट आहे, ती फोमची दोरी आणि लवचिक सीलंटने भरली आहे. त्या फटीत मिस्त्रींनी सवयीने सिमेंट भरले होते. ते मी उभा राहून पुन्हा खरवडून काढायला लावले, तेव्हा ते थोडे रागावले. वरच्या छज्जाला पुढे पत्र्याची पन्हळ जोडून पागोळ्या बंद केल्या. या साऱ्याचा खर्च मूळ दाराच्या किमतीच्या जवळपास दीडपट झाला. घर बांधतानाच खांब आणि स्लॅब घेतले असते तर त्याच्या निम्म्यात झाले असते.

दोन पावसाळ्यांनंतर

दुरुस्तीनंतरच्या दोन पावसाळ्यांत त्याच चार ठिकाणी मोजले असता कुठलाही बिंदू 1 मिमीपेक्षा जास्त हललेला नाही. पल्ले ऑगस्टमध्येही मेसारखेच सरकतात.

दोष उरलेच नाहीत असे नाही. पश्चिमेचा जोराचा पाऊस थेट काचेवर आला की रोजच्या पल्ल्याच्या खालच्या कोपऱ्यातून अजूनही काही थेंब आत येतात. सपाट रुळाला वाऱ्याचा दाब अडवणारी उभी कड नसते, केवळ रबर आणि ब्रश यांच्या पट्ट्या असतात. कड असलेल्या उंबरठ्याइतकी पाणीबंदी त्यातून मिळत नाही आणि कोणी मिळेल म्हणून सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. काकू पावसाच्या दिवसांत तिथे जुना टॉवेल घडी करून ठेवतात. ब्रशच्या पट्ट्या मात्र वर्षाआड बदलाव्या लागतील असे दिसते. शेताला लागून घर असल्याने त्या विंचू-किड्यांसाठीही हव्याच आहेत. वैशाखातल्या वावटळींनंतर रुळात धूळ भरते. ती ओल्या फडक्याने पुसली तर चिखल होऊन चाकांत बसतो, म्हणून आधी कोरड्या ब्रशने काढावी लागते.

ओट्यावरून अंगणात उतरायच्या पायऱ्या आम्ही बदलल्या नाहीत. त्या अजूनही थेट काळ्या मातीवर आहेत आणि ओट्यापासून बोटभर फट ठेवून सुट्या उभ्या आहेत. मी त्यांचीही पातळी घेतो. गेल्या सप्टेंबरात वरची पायरी 9 मिमी उचलली होती आणि मे उजाडेपर्यंत ती पुन्हा खाली गेली. सरांच्या घरात कोणाला ते कधी लक्षात आलेले नाही.